दहाचे अकरा केले तर

"जुन्या नोंदीतला एखादा आकडा कुणी गुपचूप बदलला तर ब्लॉकचेनला कळतं कसं? रोज लाखो नोंदी तपासत बसतं कोण?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रोज कुणीही तपासत बसत नाही. हा प्रश्न मला बहुधा हिशेबातली माणसं विचारतात. खाडाखोड कशी होते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून आपण खाडाखोड करूनच बघू.

ब्लॉक म्हणजे नोंदवहीचं एक पान, आणि अशा पानांची साखळी म्हणजे ब्लॉकचेन. बिटकॉइनचा 170 वा ब्लॉक घेऊ, तारीख 12 जानेवारी 2009. सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या माणसाने प्रोग्रामर हॅल फिनी यांना 10 बिटकॉइन पाठवले; एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले हे पहिलेच. सातोशीकडच्या 50 मधले 10 फिनींना गेले, 40 त्याचे त्यालाच परत. ब्लॉकमध्ये व्यवहार दोनच आहेत: एक हा आणि दुसरा ब्लॉक तयार केल्याच्या बक्षिसाचा. शिकायला याहून सोपा ब्लॉक शोधून सापडायचा नाही.

नोंदीत दहाचा आकडा `00ca9a3b00000000` असा लिहिलेला आहे. त्याचे अकरा करायचे तर तिथे `00ab904100000000` लिहायचं आणि परतीच्या चाळिसाचे एकोणचाळीस करायचे. फिनींना हे जमणार नाही, कारण नोंदीवर सातोशीची डिजिटल सही आहे आणि आकडा हलला की सही जुळत नाही. पण स्वतः सातोशीचं काय? किल्ली त्याच्याकडेच आहे, तो नव्या आकड्यावर नवी सही करू शकतो. हिशेबनीसाला खरी भीती असते ती याच माणसाची, आणि त्याला सही अडवत नाही.

तिथे हॅश कामाला येतो. SHA-256 हे सूत्र कितीही मोठा मजकूर घेतं आणि त्यावरून 32 बाइटची खूण काढतं. मजकूर तोच तर खूण तीच. एक अक्षर बदललं की खूण ओळखूही येत नाही. `hello` ची खूण `2cf24dba` ने सुरू होते, `Hello` ची `185f8db3` ने. आणि ठरलेली खूण यावी असा दुसरा मजकूर जुळवून आणण्याची रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. बिटकॉइन हे सूत्र लागोपाठ दोनदा लावतं. आपल्या व्यवहाराची खूण `f4184fc5` ने सुरू होते, बक्षिसाच्या व्यवहाराची `b1fea524` ने. या दोन खुणा एकापुढे एक ठेवून त्यांची पुन्हा खूण काढली की मिळतं मर्कल रूट. घरी करून बघा:

```python
from hashlib import sha256
def h(x): return sha256(sha256(x).digest()).digest()
a = bytes.fromhex("b1fea52486ce0c62bb442b530a3f0132b826c74e473d1f2c220bfa78111c5082")[::-1]
b = bytes.fromhex("f4184fc596403b9d638783cf57adfe4c75c605f6356fbc91338530e9831e9e16")[::-1]
print(h(a + b)[::-1].hex())
```

उत्तर `7dac2c56` ने सुरू होईल. ते `[::-1]` विसरू नका. पडद्यावर या खुणा उलट्या क्रमाने दाखवायची प्रथा आहे, आतला हिशेब मात्र सुलट चालतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हेच विसरलो होतो, आणि अख्खी संध्याकाळ माझा आकडा साऱ्या जगापेक्षा वेगळा का येतोय ते शोधत बसलो.

व्यवहार दोनाऐवजी दोन हजार असले तर खुणांच्या जोड्या लावायच्या, त्या जोड्यांच्या खुणांच्या पुन्हा जोड्या, असं करत शेवटी एक खूण उरते. याचा फायदा मोबाइलवरच्या वॉलेटला होतो. आपला व्यवहार त्या ब्लॉकमध्ये आहे याची खात्री करायला त्याला दोन हजार नोंदी मागवाव्या लागत नाहीत. वरपर्यंतच्या वाटेवर शेजारी पडणाऱ्या 11 खुणा पुरतात, म्हणजे 352 बाइट. या रचनेत एक खोच मात्र होती. संख्या विषम असली की बिटकॉइन शेवटची खूण स्वतःशीच जोडतं, त्यामुळे तीन व्यवहारांचं रूट आणि तिसरा दोनदा लिहून केलेल्या चारांचं रूट सारखंच येतं. 2012 मध्ये हे ध्यानात आलं, तेव्हापासून अशी पुनरुक्ती असलेला ब्लॉक नाकारला जातो.

आता आपल्या खाडाखोडीकडे. दहाचे अकरा झाले, व्यवहाराची खूण बदलली, म्हणून रूट बदललं. रूट ब्लॉकच्या 80 बाइटच्या हेडरमध्ये बसलेलं असतं, म्हणून हेडरची खूणही बदलली. मूळ खूण `00000000d1145790` अशी सुरू होते. सुरुवातीची आठ शून्यं ही त्या काळची अट होती आणि नव्या खुणेत ती योगायोगाने येण्याची शक्यता 429 कोटींत एक. म्हणजे हा ब्लॉक बघताक्षणीच बाद.

पण सातोशी चिकाटीचा आहे असं समजा. तो हेडरमधला नॉन्स नावाचा आकडा बदलत बदलत पुन्हा आठ शून्यं मिळवेल. 2009 मध्ये ते कष्टाचं होतं. आजचं यंत्र सेकंदाला शंभर लाख कोटी खुणा काढतं, त्यामुळे 170 वा ब्लॉक पापणी लवायच्या आत नव्याने तयार होतो. हे सांगितलं की लोक दचकतात. नुसत्या हॅशने काहीच कुलूपबंद होत नाही, दचकायलाच हवं.

अडतं ते पुढे. 171 व्या ब्लॉकच्या हेडरमध्ये 170 व्याची जुनी खूण लिहिलेली आहे, म्हणून तोही नव्याने करायचा. मग 172 वा, आणि तसेच पुढचे नऊ लाखांहून अधिक. अलीकडच्या ब्लॉकची अट तर 170 व्याच्या लाखो कोटी पट कडक आहे. शिवाय हे चालू असताना ब्लॉक तयार करणारे बाकीचे लोक, म्हणजे मायनर, साधारण दर दहा मिनिटांनी खऱ्या साखळीत एकेक ब्लॉक घालतच राहतात, आणि नोड, म्हणजे साखळीची प्रत बाळगणारे संगणक, ज्या साखळीत एकूण श्रम जास्त तीच मानतात. निम्म्याहून जास्त ताकद एकाच्या हाती गेली तर मात्र तो अगदी अलीकडचे ब्लॉक उलटवू शकतो. त्याहून कमी ताकदीवरही नशिबाने एखाददुसरा ब्लॉक उलटू शकतो, म्हणून मोठी रक्कम घेणारे सहा ब्लॉक होईपर्यंत थांबतात.

तपासतं कोण, ते राहिलं. नवा नोड पहिल्या ब्लॉकपासून सगळ्या खुणा स्वतः मोजतो. जुना नोड मात्र डिस्कवरचं रोज वाचत नाही. सुरू होताना तो शेवटचे सहा ब्लॉक तेवढे बघतो. तुमच्या मशीनवर कुणी 170 व्या ब्लॉकमध्ये खाडाखोड केली, तर तो ब्लॉक पुन्हा वाचला जाईपर्यंत ती तशीच पडून राहील. `bitcoin-cli verifychain 4 0` दिलंत की सगळी साखळी तपासली जाते आणि उत्तर `false` येतं. चूक फक्त तुमच्या प्रतीत असते, इतरांच्या प्रती शाबूत.

म्हणूनच कुणी "आमच्या ऑफिसची स्वतःची ब्लॉकचेन आहे, एकाच सर्व्हरवर" असं सांगतं तेव्हा मी विचारतो, शेवटच्या ब्लॉकची खूण तुमच्याशिवाय कुणाकडे आहे? कुणाकडेच नसेल तर ज्याच्या हातात सर्व्हर तो दुपारभरात सगळी साखळी नव्याने विणेल आणि प्रत्येक खूण बरोबर जुळेल. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांना हे बिटकॉइनच्या कितीतरी आधी कळलं होतं. कागदपत्रांवर तारखेची मोहर उमटवण्याच्या त्यांच्या पद्धतीत सगळ्या खुणांची मिळून जी एक खूण येई, ती 1995 पासून दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापली जायची. पुढे त्यातली एखादी बदलायची ठरवली, तर त्या आठवड्याचा अंक घराघरांतून आणि ग्रंथालयांतून परत गोळा करावा लागला असता.