टायपिंगचं ‘शासनमान्य’ सर्टिफिकेट आणि तीस-चाळीसचा घोळ

लिपिक-टंकलेखक पदासाठी क्लास शोधायला लागल्यापासून पाटीवर ‘शासनमान्य’ दिसलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे तो शब्द नसलेला क्लासच नाही, आणि मान्यता नेमकी कशाला आहे हे विचारलं की समोरचा ‘ताई, आधी बसा तर’ म्हणतो.

एमएस-सीआयटीला काहीच त्रास नव्हता. बॅच लागली, परीक्षा दिली, महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आलं. ज्यांनी सीसीसी किंवा ओ लेव्हल केलंय त्यांना हे वेगळं करायची गरज नसते, तेही २०१३च्या शासन निर्णयात संगणक अर्हता म्हणून आहे. पण ही झाली संगणकाची अट. टायपिंगची अट वेगळी, आणि घोळ सगळा तिथेच आहे.

पहिल्या क्लासमध्ये मी एकच प्रश्न धरून बसले: परीक्षा कोण घेतं? ‘आम्हीच घेतो, आयएसओ आहे आपलं,’ असं उत्तर आलं. भिंतीवर फ्रेममध्ये सोनेरी किनारीचं ‘डिप्लोमा इन कॉम्प्युटर टायपिंग’ लावलेलं होतं. त्यावर संस्थेचा शिक्का आणि संचालकांची सही, बाकी कुणाचंच नाव नाही. लिपिकाच्या जाहिरातीत मागतात ते शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र, म्हणजे आता संगणकावर होणारी जीसीसी-टीबीसी. ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. परिषदेचं नाव काढल्यावर ते गृहस्थ म्हणाले, ‘त्याच्या बरोबरीचंच आहे हो.’ बरोबरीचं आहे असं लिहिलेला कागद दाखवा म्हटलं, तर फोन आला म्हणून उठून गेले.

दुसरा क्लास खरा होता. परिषदेची मान्यता, संस्थेचा कोड, सगळं त्यांनी न मागता दाखवलं, आणि नेमका तिथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. तिथल्या मॅडमना मला इंग्रजी ३०लाच बसवायचं होतं. ‘सगळ्या मुली तेच करतात, लवकर सुटतं.’ माझ्या हातातल्या जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं: मराठी टंकलेखन किमान ३० शब्द प्रतिमिनिट किंवा इंग्रजी किमान ४०. म्हणजे इंग्रजी ३०चं प्रमाणपत्र अगदी परिषदेचं, अगदी अस्सल असलं तरी या अटीत बसत नाही. मी जाहिरात पुढे केली. ‘अहो, तीस तर तीसच ना!’ मग भाषा वेगळी आहे हे समजावलं. मग ‘आधी तीस करा, मग चाळीस करू’ सुरू झालं. म्हणजे आणखी एक कोर्स, पुन्हा फी आणि आणखी सहा महिने. मराठीचं विचारलं की ‘बॅच भरली की कळवतो.’ दर वेळी हेच ऐकून मी परतत होते. शेवटी कळलं, मराठी शिकवणाऱ्या बाई सोडून गेल्या होत्या. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

माझी चिडचिड होती ती या वाया जाणाऱ्या सहा महिन्यांवरूनच. या कोर्सची सत्रं जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशी चालतात. जुलैचं सत्र चुकलं की थेट जानेवारी. त्यानंतर परीक्षा, मग निकाल, मग प्रमाणपत्र क्लासमार्फत हातात. भरतीत बहुतेक वेळा टायपिंगची अर्हता अर्जाच्या शेवटच्या तारखेला पूर्ण असावी लागते; ‘परीक्षा दिली आहे’ एवढ्याने भागत नाही. संगणक अर्हतेला काही भरत्यांत नेमणुकीनंतर मुदत मिळते, टायपिंगला ती मिळेल असं धरून चालू नका. म्हणून जाहिरात निघायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. आधीच्या भरतीची जाहिरात काढून त्यातला शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद वाचायचा.

तिसऱ्या क्लासमध्ये मराठी ३० मिळालं, पासही झाले. परीक्षेतली प्रश्नोत्तरं, पत्र, तक्ता हे जमून जातं. अंगावर येतो तो सात मिनिटांचा वेगाचा उतारा. मराठीत जोडाक्षरांवर हात अडखळतो, म्हणून मी रोज तोच भाग आधी करायचे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या लिपिक पदावर डोळा असेल तर मात्र माझं मराठी ३० उपयोगाचं नाही, तिथे इंग्रजी ४० मागतात. दोन्हीकडे अर्ज करायचा असेल तर सरळ इंग्रजी ४० करा. एका प्रमाणपत्रात दोन्ही कामं होतात, सराव जास्त लागतो इतकंच.

आणि हो, परीक्षेचा अर्ज क्लासच भरतो. सबमिट करण्याआधी स्क्रीनवर आपलं नाव स्वतः वाचा, दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. माझ्यासोबतच्या एकीचं क्लासने सासरचं आडनाव टाकून ठेवलं होतं, आणि ते दुरुस्त होईपर्यंत तिचं प्रमाणपत्र तिथल्या कपाटातच पडून होतं.