आमची वाटचाल : लेबल कुणाचं?

2011 साली वेंगुर्ल्यात घराच्या पडवीत पिंपं मांडून आम्ही कोकम सरबत सुरू केलं. रातांबे फोडण्यापासून आगळ काढण्यापर्यंत सगळं आईच्या हातचं. दादरचे एक दुकानदार काका पहिल्या खेपेपासून रोख पैसे मोजून माल उचलतात, उधारी कधीच नाही. मधली वर्षं बरी गेली. 2018चा मे मात्र विसरता येत नाही.

काकांचा फोन आला, "अहो, तुमची बाटली दुसऱ्या नावाने आलीय की काय?" तोच लाल रंग, तीच रातांब्याची फांदी, तशीच गोल अक्षरं. शेजारच्या तालुक्यातल्या एका कारखान्याने आमच्याच डिझायनरकडून ते लेबल घेतलं होतं. त्यांच्या पातळ सरबताचा राग गिऱ्हाइकाने आमच्यावर काढला. दोन दुकानांनी माल परत पाठवला आणि बागायतदारांचे पैसे चुकवायला आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

मी डिझायनरला 18,000 रुपये दिले होते, त्याचं बिल होतं. वकीलबाई म्हणाल्या, बिल म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकराने केलेलं काम मालकाचं, पण बाहेरच्या माणसाने संगणकावर केलेलं असं लेबल त्याचंच राहतं. हक्क आपल्याकडे यायला त्याच्या सहीचा कागद लागतो. गिऱ्हाइकाची दिशाभूल म्हणून दावा करता आला असता, पण हंगाम दीड महिन्याचा आणि कोर्ट वर्षांचं.

पुढच्या वर्षी कुडाळच्या मुलीला काम दिलं तेव्हा आधी कागद केला. 30,000 रुपयांत काय काय, ते मोजून लिहिलं: 700 मिलीच्या बाटलीचं लेबल, झाकणाची पट्टी, 12 बाटल्यांच्या खोक्याची छपाई. इंग्रजी लेबल हवं तर वेगळा दर. दुरुस्त्या दोनदा. सगळ्या सूचना एका यादीत दिल्या की ती एक फेरी. रोज एकेक फोन करायचा नाही. तिसऱ्या फेरीला 1,500. आम्ही मंजूर केलेल्या मजकुरात चूक निघाली तर खर्च आमचा. पैसे: 40 टक्के आधी, 30 आराखडा ठरल्यावर, उरलेले मूळ फाइली मिळताना.

मालकीच्या कलमावर वकीलबाईंनी तासभर घालवला. मुदत लिहिली नाही तर हक्क 5 वर्षांपुरताच मिळतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. आमच्या बाटल्या तर दुबईला निघाल्या होत्या. म्हणून लिहिलं: शेवटचा हप्ता मिळताच जगभरचा, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीचा हक्क आमचा. नाकारलेले आराखडे तिचे, आणि आमचं काम तिने नमुना म्हणून दाखवायला आमची ना नाही. नव्याने धंद्यात येणाऱ्यांनो, मूळ फाइल छापखान्यात नव्हे, आपल्या घरी ठेवा.

नव्या लेबलाची पहिली 20 खोकी काकांनीच उचलली. तो कारखाना आमचं जुनं लेबल अजून वापरतो. त्यावरची फांदी आमच्या परसातल्या झाडाची आहे.