आमची वाटचाल: किलोच्या दरापासून नगाच्या हिशेबापर्यंत

तासगावात आमचं दुकान वडिलांनी सुरू केलं, तेव्हा ते सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू भाड्याने द्यायचे. स्लॅबची तारीख ठरली की लोक प्लेटा मागायला यायचे आणि जाता जाता विचारायचे, "अण्णा, लोखंड कुठलं घेऊ?" त्या प्रश्नातूनच आम्ही सळई आणि सिमेंटच्या धंद्यात आलो. आज दुकान मी आणि धाकटा भाऊ मिळून बघतो. माल कसा निवडावा यापेक्षा दोन दरांची तुलना कशी करावी हेच गिऱ्हाइकाला समजावण्यात आमचा जास्त वेळ जातो, आणि दुकान वाढलं तेही त्यामुळेच.

सुरुवातीला आम्हीही सगळ्यांसारखा किलोचा दर सांगायचो. गिऱ्हाईक तो दर घेऊन सांगलीला जायचं, तिथे रुपया-दीड रुपया कमी मिळाला की तिकडूनच माल उचलायचं. त्यात चूक काहीच नव्हती. पण त्याच घराचं काम पुढे आमच्या प्लेटांवर चालायचं, त्यामुळे तिथे आलेला माल आम्हाला दिसायचा. बांधकाम एकसारखं, नकाशातल्या सळयाही तेवढ्याच, तरी स्वस्त दराचं बिल कधीकधी मोठं निघायचं. असं का होतं ते वडिलांनी शोधून काढलं.

इंजिनिअर नकाशात किलो लिहीत नाही. कॉलममध्ये 12 मिलीमीटरच्या सहा सळया, स्लॅबमध्ये 8 मिलीमीटरची सळई इतक्या अंतरावर, असं तो लिहितो. म्हणजे घराला लागतात ते नग, त्यांची जाडी आणि लांबी. आपण पैसे मात्र किलोने मोजतो. या दोहोंना जोडतं ते एका नगाचं वजन, आणि ते सळई बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याचं थोडं वेगळं असतं.

जाडीचा वर्ग करून 162 ने भागलं की एक मीटर सळईचं किलोतलं वजन मिळतं. 12 मिलीमीटरला ते 888 ग्रॅम येतं, 8 मिलीमीटरला 395 ग्रॅम. सळई 12 मीटर लांब असते. म्हणून 12 मिलीमीटरचा एक नग साधारण 10.66 किलोचा आणि 8 मिलीमीटरचा 4.74 किलोचा व्हायला हवा. सळयांचं भारतीय मानक आहे IS 1786. त्यात या वजनाला थोडी सूट आहे: मालाच्या लॉटसाठी 10 मिलीमीटरपर्यंत सात टक्के कमी-जास्त, त्यावर 16 मिलीमीटरपर्यंत पाच टक्के आणि त्याहून जाड सळईला तीन टक्के. या मर्यादेतला जड माल आणि हलका माल दोन्ही मानकात बसतात. मात्र जड माल किलोने घेतला की जास्तीच्या लोखंडाचे पैसे आपण भरतो आणि घरात एकही सळई वाढत नाही.

सावळजच्या एका बागायतदार काकांचं उदाहरण देतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, दर तर रोज हलतात. त्यांना 12 मिलीमीटरचे 150 नग आणि 8 मिलीमीटरचे 200 नग हवे होते. बाहेरच्या एका व्यापाऱ्याचा दर जीएसटी धरून 12 मिलीमीटरला 55 रुपये आणि 8 मिलीमीटरला 57 रुपये किलो होता, गाडीभाडं 4,000 रुपये वेगळं. आमचा दर अनुक्रमे साडेछप्पन आणि साडेअठ्ठावन्न, गाडीभाडं दरातच. काका म्हणाले, "दीड रुपयानं महाग लावताय की!" मी म्हटलं, "काका, तिथला एक-एक नग तोलून या, मग बोलू."

काका तोलून आले. तिकडची 12 मिलीमीटरची सळई 10.95 किलो भरली आणि 8 ची 4.95. आमच्याकडची साडेदहा आणि 4.6. तिकडचं वजन झालं सुमारे 2,632 किलो, आमचं 2,495 किलो. तिकडचं बिल 1,46,770 रुपये आणि भाड्यासह 1,50,770. आमचं 1,42,810. दर दीड रुपयाने जास्त असूनही काकांचे जवळपास आठ हजार रुपये वाचले. त्यातले अर्धे भाड्याचे, अर्धे नुसत्या वजनाचे. व्यापाऱ्याने फसवलं असं मुळीच नव्हतं. त्याचा काटा बरोबर होता आणि मालही मानकात होता.

यावर कुणी विचारेल, मग जितकी हलकी सळई तितकी चांगली का? नाही. हलकी म्हणजे बारीक, आणि ताण घेते ती सळईची जाडी. 12 मिलीमीटरच्या मालाची सरासरी 10.12 किलोच्या खाली आणि 8 मिलीमीटरची 4.41 च्या खाली गेली, तर तो माल घेऊच नये, कितीही स्वस्त असला तरी. अशा मालात नगावर दर सांगितला जातो तेव्हा धोका सगळ्यात मोठा असतो. "नगाला इतके" म्हणून पूर्ण वजनाचे पैसे घ्यायचे आणि सळई द्यायची नऊ-साडेनऊ किलोची, असा माल आमच्या भागात येतो. ओळखायचा कसा? वेगवेगळ्या बंडलांतून तीन-चार सळया काढा, प्रत्येकीचा बरोबर एक मीटर तुकडा कापा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. 12 मिलीमीटरचे तुकडे सरासरी 845 ग्रॅमच्या खाली दिसले तर माल परत करायचा. दुकानात आम्ही असा एक छोटा काटा आणि कटर कायम ठेवलाय, गिऱ्हाइकाने स्वतः तोलावं म्हणून.

मोठा वे-ब्रिज या कामाला पुरत नाही. त्याचा आकडा दहा-वीस किलोच्या टप्प्याने पुढे सरकतो. पाच टनांच्या गाडीला ते चालतं, पण पाचशे किलोच्या खरेदीत वीस किलो म्हणजे चार टक्के. थोडा माल असेल तर नग मोजा, एक नग तोला आणि गुणाकार करा.

ग्रेडबद्दल लोकांचा गोंधळ वेगळाच असतो. Fe 500 आणि Fe 550 मधला आकडा सळई किती ताणाला कायमची लांबू लागते ते सांगतो, न्यूटन प्रति चौरस मिलीमीटरमध्ये. नकाशा Fe 500D वर काढला असेल आणि तुम्ही 550 आणली, तर नग कमी होत नाहीत, नुसता दर वाढतो. पैसे वाचवायचे असतील तर इंजिनिअरकडून नकाशाच नव्या ग्रेडवर करून घ्यावा लागतो. शेवटच्या D ला मात्र मी फार मानतो. Fe 500 तुटण्याआधी किमान 12 टक्के लांबली पाहिजे, Fe 500D किमान 16 टक्के. 1967 च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आहे. अशा भागात न तुटता वाकणारी सळई घरात असावी, आणि त्यासाठी किलोमागे थोडे जास्त द्यावे लागले तर द्यावेत. म्हणून दोन दर शेजारी मांडताना दोन्हीकडे एकच ग्रेड आहे का, हे आधी बघा. आणि 8 मिलीमीटरचा दर 12 पेक्षा चढाच असतो, त्यामुळे कुणी "सगळ्याला एकच दर" सांगितला तर तुमच्या यादीत बारीक माल किती आणि जाड किती, त्यावर तो स्वस्त की महाग ते ठरतं.

आता उधारी. तासगाव हा द्राक्ष-बेदाण्याचा तालुका. बेदाणा कोल्ड स्टोरेजला जातो आणि भाव बघून हळूहळू सौद्यात निघतो, तर पावसाआधी स्लॅब टाकायची घाई असते. त्यामुळे उधारी मागणं स्वाभाविक आहे, आणि आम्हालाही मागे वितरकाला पैसे द्यायचे असतात. पूर्वी उधारीचा खर्च मालाच्या दरातच मिसळला जायचा. आता आम्ही रोख आणि उधार असे दोन दर शेजारी लिहितो. काकांना दोन महिन्यांच्या उधारीला किलोमागे दोन रुपये जास्त सांगितले होते. 2,495 किलोवर ते 4,990 रुपये होतात. वर्षाच्या व्याजात मोजलं तर जवळपास 21 टक्के. तेवढीच रक्कम पतसंस्थेकडून 14 टक्क्यांनी दोन महिने घेतली तर व्याज पडतं सुमारे 3,330 रुपये. कर्जाचे कागद, शेअर्सची कपात आणि हेलपाटे धरले तर छोट्या बिलाला दुकानाची उधारी बरी पडते, मोठ्या बिलाला कर्ज. बेदाणा तारण ठेवून बाजार समितीच्या तारण योजनेतून पैसे मिळत असतील तर ते आधी बघा, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. माझी उधारीची विक्री कमी झाली तरी चालेल, वसुलीसाठी कुणाच्या दारात जाण्यापेक्षा ते बरं.

सिमेंटची तुलना सोपी, कारण पोतं सगळीकडे 50 किलोचंच. तिथे तीन गोष्टी बघायच्या. पहिली, दर कुठपर्यंतचा: गोदामातला, गाडीतला की साइटवर उतरवून थप्पी मारलेला. पोत्यामागे हमालीचे काही रुपये आणि आडगावचं भाडं धरलं की दोन दुकानांतला दहा रुपयांचा फरक बऱ्याचदा पुसला जातो. थोडी पोती मागवली तर भाडं पोत्यामागे जास्त बसतं, म्हणून सिमेंट आणि सळई एकाच गाडीत भरता आली तर भरावी. दुसरी, प्रकार. राखेसारखी भर घातलेलं पीपीसी सिमेंट साध्या ओपीसी सिमेंटपेक्षा स्वस्त मिळतं आणि घराच्या कामाला उत्तम आहे, पण सुरुवातीला ताकद हळू धरतं. ओपीसीला किमान सात दिवस पाणी मारायचं असेल तर पीपीसीला दहा दिवस मारावं लागतं, आणि सेंट्रिंगही थोडी उशिरा काढावी लागते. प्लेटांचं भाडं दिवसावर असेल तर पोत्यामागे वाचलेल्या पैशातून ते वाढीव भाडं वजा करूनच बघा.

तिसरी गोष्ट पोत्यावर छापलेली असते: कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी भरलं ते. तीन महिने उलटलेलं सिमेंट तपासल्याशिवाय वापरायचं नसतं, आणि पावसाळ्यात दमट गोदामात त्याआधीच खडे धरतात. हातात दाबून न फुटणारा खडा निघाला की ते पोतं स्लॅबला नको. सूट मिळते म्हणून घराची सगळी पोती एकदम घेऊ नका, असं आम्ही सांगतो. पाया, कॉलम, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे जुनं अंदाजपत्रक समोर ठेवून घासाघीस करणाऱ्यांनी ते आधी बदलून घ्यावं.

आता आमच्या कोटेशनच्या कागदावर किलोच्या दराशेजारी आणखी एक रकाना असतो, "एक नग साइटवर". त्यात ग्रेड, त्या दिवशी तोललेलं नगाचं वजन, जीएसटी, भाडं आणि उतरवणी सगळं धरलेलं असतं. उधारीचा आकडा त्याखाली वेगळा. तो कागद घेऊन गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी माझी हरकत नाही. फक्त समोरच्या दुकानदाराकडूनही तोच रकाना भरून घ्या, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.