१०१, १०० की ९९? शंभरापर्यंतच्या बेरजेची वही, पुढची पानं

मंडळी, एक ते शंभरची बेरीज ५०५० हे आपल्यातल्या कुणालाही झोपेत विचारलं तरी सांगता येईल. त्यामुळे उत्तरावर वेळ घालवत नाही. या खेपेला वहीत चाललंय ते जोड्या लावण्याबद्दल. यादीच्या दोन टोकांपासून आत यायचं हे ठरलेलं, पण टोकं कुठली धरायची हे कुणी ठरवून दिलेलं नाही. टोक एका घराने सरकवलं की जोडीची बेरीज बदलते आणि त्या जोडीने काय काय सुटतं तेही बदलतं. माझ्याकडे आता तीन जोड्या जमल्या आहेत: १०१ची, १००ची आणि ९९ची.

१०१ची जोडी

ही सगळ्यांच्या ओळखीची. १ + १००, २ + ९९, ३ + ९८, असं करत ५० + ५१ पर्यंत यायचं. पन्नास जोड्या, प्रत्येकीची बेरीज १०१, म्हणून ५० × १०१ = ५०५०. डावीकडची संख्या एकाने वाढते तेव्हा उजवीकडची एकाने कमी होते, म्हणून बेरीज जागची हलत नाही. या जोडीत कुणी मागे उरत नाही, तेच तिचं बळ.

ही जोडी गाउसच्या नावावर चिकटली आहे. ब्राउनश्वाइगच्या शाळेत ब्यूटनर मास्तरांनी वर्गाला लांबलचक बेरीज घातली आणि पोराने क्षणात पाटीवर उत्तर लिहून ती टेबलावर ठेवली, ही गोष्ट. तिचा मूळ आधार म्हणजे सार्टोरियस फॉन वाल्टर्सहाउझेन यांनी १८५६ मध्ये, गाउस गेल्यावर वर्षभराने, लिहिलेलं चरित्र. त्यात पाटी आहे, मास्तरांचा चाबूक आहे, पाटी ठेवताना पोराने तिथल्या बोलीत म्हटलेलं 'ही घ्या' अशा अर्थाचं वाक्यही आहे. नाही ते नेमकं आपल्याला हवं तेच: बेरीज एक ते शंभरची होती असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि पोराने जोड्या लावल्या असंही नाही. अंकगणिती श्रेढीची बेरीज होती, एवढंच. बाकीचं पुढच्या सांगणाऱ्यांनी भरलं. एरिक टेंपल बेल यांच्या पुस्तकात तर ८१२९७ + ८१४९५ + ८१६९३ पासून १००८९९ पर्यंत अशी मोठी श्रेढी दिली आहे.

ती श्रेढी सोडवून बघण्यासारखी आहे, कारण लोक जिथे घसरतात ती जागा तिच्यात दिसते. सामान्य फरक १९८. पहिलं आणि शेवटचं पद मिळून १८२१९६. आता जोड्या किती? १००८९९ मधून ८१२९७ वजा केले की १९६०२, त्याला १९८ने भागलं की ९९. इथे थांबून ९९ पदं धरली की उत्तर गेलं. ९९ ही मधल्या उड्यांची संख्या आहे, पदं तिच्याहून एकाने जास्त, म्हणजे १००. जोड्या ५०, बेरीज ५० × १८२१९६ = ९१०९८००. पडताळायचं असेल तर शेवटच्या जोडीला विचारायचं. पन्नासावं पद ९०९९९, एक्कावन्नावं ९११९७, दोन्ही मिळून १८२१९६. टोकाची जोडी आणि मधली जोडी सारखी आली की पदं नीट मोजली आहेत असं समजावं.

आपल्याकडे हे सूत्र गाउसच्या कितीतरी आधीपासून आहे. आर्यभटाच्या गणितपादात 'आद्यन्तं पदार्धहतम्' एवढ्यात काम उरकलं आहे: पहिलं आणि शेवटचं पद मिळवा, पदांच्या निम्म्याने गुणा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत 'सैकपदघ्नपदार्धम्' येतं, ते तर थेट एकापासूनच्या संख्यांसाठी. पदसंख्येत एक मिळवा आणि पदांच्या निम्म्याने गुणा, म्हणजे १०१ × ५०. मला यातलं 'पदार्ध' फार आवडतं, कारण पदसंख्या विषम असली तरी ते अडत नाही. १ ते ९९ घ्या. जोड्या ४९ लागतात आणि मधला ५० एकटा राहतो. पण सूत्राला साडेएकोणपन्नास जोड्या चालतात: ४९.५ × १०० = ४९५०. एकटा राहिलेला ५० म्हणजे शंभराची अर्धी जोडीच.

१००ची जोडी

आल्क्विन हा आठव्या शतकातला यॉर्कचा विद्वान, पुढे शार्लमेनच्या दरबारी गेलेला. त्याच्या नावावर असलेल्या लॅटिन कोड्यांच्या संग्रहात शंभर पायऱ्यांची शिडी आहे. पहिल्या पायरीवर एक कबूतर, दुसरीवर दोन, असं करत शंभराव्या पायरीवर शंभर. एकूण कबुतरं किती?

त्याची जोडी आपल्यापेक्षा वेगळी आहे. पहिल्या पायरीवरचं एक कबूतर तो नव्याण्णवाव्या पायरीवरच्या ९९ना जोडतो, की झाले १००. दुसरीवरची दोन अठ्ठ्याण्णवाव्या पायरीवर, पुन्हा १००. अशा ४९ जोड्या. मागे दोनच पायऱ्या उरतात, पन्नासावी आणि शंभरावी. ४९०० + ५० + १०० = ५०५०.

पहिल्यांदा वाचलं की वाटतं, दोघांना मागे ठेवणारी जोडी कशाला? पण ५० × १०१ मध्ये थोडा तरी गुणाकार आहे, इथे ४९ शेकडे नुसते मोजायचे. रोमन अंकांत हिशोब करणाऱ्याला शेकडा सोयीचाच. शिवाय याच जोडीने एक असं काम होतं जे १०१ला जमत नाही.

१ ते १०० मधल्या ज्या संख्या १००शी सहमूळ आहेत, म्हणजे ज्यांना २नेही भाग जात नाही आणि ५नेही नाही, त्यांची बेरीज करायची. १, ३, ७, ९, ११, १३, १७, १९ अशी यादी चालते. ही श्रेढी नाही, अंतर कधी दोनचं, कधी चारचं. म्हणून सूत्र लावायला हात धजत नाही. पण टोकं धरून बघा: १ + ९९, ३ + ९७, ७ + ९३, ९ + ९१, शेवटी ४९ + ५१. सगळीकडे १००. कारण सोपं आहे: एखाद्या संख्येला आणि १००ला एकाच संख्येने भाग जात असेल, तर त्यांच्या वजाबाकीलाही जातो. म्हणून एक जण यादीत असला की त्याचा जोडीदारही असतोच. एककस्थानी १, ३, ७ किंवा ९ असलेल्या अशा संख्या ४०, जोड्या २०, बेरीज २०००. १०१ची जोडी इथे सुरुवातीलाच मोडते, कारण १चा जोडीदार १०० यादीतच नाही.

तर समान अंतर ही अटच नव्हे. यादी मधोमध दुमडल्यावर एका अर्ध्यावर दुसरा अर्धा चपखल बसला पाहिजे, इतकंच लागतं. मूळ संख्यांची यादी तशी बसत नाही. २ + ९७ = ९९, पण ३ + ८९ = ९२. दोन जोड्यांतच कळतं, तिथे पुढे जाऊ नये.

९९ची जोडी

ही माझ्या नववीतल्या भाचीमुळे वहीत आली. तिने यादी शून्यापासून लिहायला घेतली आणि वर मलाच विचारलं, "मामा, तू शून्याला का वगळतोस? बेरीज तर तीच राहते ना!" राहतेच. ० + ९९, १ + ९८, शेवटी ४९ + ५०. पन्नास जोड्या ९९च्या, म्हणजे ४९५०. बाहेर राहिलेला १०० मिळवला की ५०५०.

एवढ्यासाठी मी वेगळं पान केलं नसतं. पण आमच्या यादीत बरेच दिवस पडून असलेला प्रश्न याच जोडीने सुटतो: १ ते १०० लिहिताना वापरलेल्या सगळ्या अंकांची बेरीज किती? संख्यांची नव्हे, अंकांची. ३७चे ३ + ७ = १०, ६२चे ६ + २ = ८, असं.

आधी १०१ची जोडी लावून बघा. ३७ आणि ६४चे अंक मिळून २०. १० आणि ९१चे मिळून ११. १ आणि १००चे मिळून फक्त २. काहीच जुळत नाही. आता ९९ची लावा. ३७ आणि ६२: ३ + ७ + ६ + २ = १८. १० आणि ८९: १८. ० आणि ९९: १८. पन्नासही जोड्यांत अठराच.

फरक हातच्याचा आहे. ३७ + ६४ करताना एकक ११ होतात, हातचा एक दशकात जातो. दहा एकक जाऊन एक दशक आलं, म्हणजे अंकांच्या बेरजेतून ९ गळाले. कुठल्या जोडीत हातचा येतो, कुठल्या जोडीत येत नाही, म्हणून उत्तरं वेगवेगळी. ९९च्या जोडीत हातचा येऊच शकत नाही. एककस्थानी ९ यायला दोन एककांची बेरीज ९ किंवा १९ हवी, आणि दोन अंकांची बेरीज १८च्या वर जात नाही. म्हणून एकक मिळून ९, दशक मिळून ९.

बेरीज ५० × १८ = ९००, आणि बाहेरच्या १००चा एक अंक मिळवून ९०१. हीच युक्ती हजारापर्यंत न्या: ० ते ९९९च्या ५०० जोड्या, प्रत्येकीचे २७, म्हणजे १३५००. हजाराचा एक मिळवून १३५०१.

वर्गांपाशी गाडी अडते

१² ते १००²च्या बेरजेवर बरेच जण हाच हात चालवतात. १ + १०००० = १०००१, गुणिले ५०, की ५०००५०. खरं उत्तर ३३८३५०. मधली जोडी बघितली असती तर तिथेच कळलं असतं: ५०² + ५१² = २५०० + २६०१ = ५१०१. टोकाला दहा हजार, मध्ये पाच हजार. वर्ग टोकाकडे जाताना जितक्या जोरात वाढतात, तितक्या जोरात दुसऱ्या बाजूने कमी होत नाहीत.

पण चिन्हं आलटून पालटून घेतली तर वर्गसुद्धा वळणावर येतात. १००² − ९९² + ९८² − ९७² … + २² − १². इथे टोकं सोडून शेजाऱ्यांच्या जोड्या लावायच्या. १००² − ९९² म्हणजे (१०० − ९९)(१०० + ९९), पहिला कंस १, उरले १०० + ९९. पुढची जोडी ९८ + ९७ देते. शेवटची २ + १. एकूण १०० पासून १ पर्यंतची साधी बेरीज, पुन्हा ५०५०.

आता हेच घनांवर करून बघतोय. १००³ − ९९³ मध्ये पहिला कंस तसाच १ होतो, पण दुसऱ्या कंसात १००² + १०० × ९९ + ९९² उरतं. त्यातल्या मधल्या गुणाकाराला कुठल्या जोडीत बसवायचं यावर सध्या पान अडलंय. कुणाकडे वर्गांची बेरीज न वापरता जाणारी वाट असेल तर सांगा.