तुळईचा शॉट आणि कॅमेरा रिपोर्टमधला कोरा रकाना

सेटवर प्रत्येक शॉटची नोंद ज्यात ठेवतात त्या कॅमेरा रिपोर्टमध्ये 'लेन्स' असा एक रकाना असतो. तो भरायला दहा सेकंद पुरतात. तो कोरा राहिला म्हणून 112 फ्रेमचा, म्हणजे पाच सेकंदही नसलेला एक शॉट माझ्याकडे 34 दिवस अडकून पडला. शॉट मंजूर होऊन आता दोन महिने झाले, तरी राग गेलेला नाही. म्हणून लिहून ठेवतोय, पुढच्या कुणाचे तरी दिवस वाचावेत.

मी कॉम्पोझिटर आहे. सेटवर चित्रित झालेलं आणि संगणकात बनलेलं एकाच चित्रात बसवायचं, हे माझं काम. शॉट असा होता: वाड्याला आग लागली आहे, एक माणूस जिन्यावरून पळत चौकात उतरतो आणि त्याच्या मागे, फ्रेमच्या डाव्या बाजूला, एक जळती तुळई छतातून सुटून भिंतीला घासत खाली येते. यातला माणूस खरा, जिना खरा, भिंत खरी, धूरही खरा. कोपऱ्यातली आग गॅसच्या पाइपची, तीही खरी. तुळई आणि वरचं छत मात्र संगणकातलं. कॅमेरा हातात धरलेला, त्यामुळे सतत हलणारा.

माणसाचा रोटो, म्हणजे फ्रेम-फ्रेमने त्याची कड कापून काढणं, चार दिवसांत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तुळईचं मॉडेल, तिची आग, तिचं पडणं, सगळं वेळेत आलं. मी ते प्लेटवर, म्हणजे सेटवरच्या मूळ चित्रावर, बसवलं आणि रिव्ह्यूला पाठवलं. शेरा आला: "तुळई पोहतेय."

पोहतेय म्हणजे ती भिंतीला चिकटलेली वाटत नाही, भिंतीवरून सरकत राहते. मी कॉम्पोझिटर, म्हणून दोष आधी माझ्याच कामात शोधला. पहिली गोष्ट काळ्या रंगाची. धुरातून पाहताना खोलीतली सगळ्यात गडद जागासुद्धा पूर्ण काळी नसते, करडी होते. माझ्या तुळईची सावली भिंतीच्या सावलीपेक्षा कितीतरी काळी होती. ती उजळ केली. मग कॅमेऱ्याचा ग्रेन तुळईवर बसवला, कारण प्लेटमध्ये दाणे वळवळत असताना मधलाच एक भाग गुळगुळीत राहिला की डोळा तिथे अडतो. हलण्याचा धूसरपणा माणसाच्या हाताशी जुळवून घेतला. प्रत्येक वेळी चित्र सुधारलं आणि प्रत्येक वेळी शेरा तोच. नऊ रीटेक असे गेले.

घरी बसून सिनेमा पाहणाऱ्यांना इथे एक सांगतो. डिजिटल काम ओळखायचं असेल तर वस्तूच्या मध्यावर पाहू नका. ती खऱ्या जगाला जिथे टेकते तिथे पाहा: पाय आणि जमीन, हात आणि कठडा, सावलीची सुरुवात. मध्यभाग सुंदर करायला भरपूर वेळ मिळालेला असतो. चूक राहते ती टेकण्याच्या रेषेवर.

मीसुद्धा शेवटी तेच केलं. भिंतीवर चुन्याचा एक उडालेला पोपडा होता, त्यावर एक खूण ठेवली. तुळईच्या टोकावर दुसरी. तुळई भिंतीला टेकून क्षणभर अडकते त्या फ्रेम 61 ते 84 मध्ये दोन्हींतलं अंतर मोजत गेलो. तुळई फ्रेमच्या मध्याकडे होती तोवर ती जागच्या जागी होती. डाव्या कडेकडे जाताना हळूहळू पाच-सहा पिक्सेल सुटली. 2048 पिक्सेल रुंदीच्या चित्रात एवढं अंतर सांगता येत नाही, पण जाणवतं. यातून मोठी गोष्ट कळली. ट्रॅक, म्हणजे कॅमेऱ्याच्या हालचालीचा काढलेला माग, कच्चा असता तर तुळई प्रत्येक फ्रेमला थरथरली असती. ही सावकाश सरकत होती आणि कडेजवळ जास्त. म्हणजे दोष लेन्सच्या वाकडेपणाचा.

रुंद लेन्स सरळ रेषा कडेला वाकवते. दाराची चौकट बाहेरच्या बाजूला फुगलेली दिसते. संगणकातला कॅमेरा मात्र रेषा सरळच ठेवतो. म्हणून आधी प्लेट सरळ करून घ्यायची, त्या सरळ प्लेटवरून कॅमेरा कसा हलला ते काढायचं (याला मॅचमूव्ह म्हणतात), त्या कॅमेऱ्यातून तुळई बनवायची आणि शेवटी तुळईला तोच वाकडेपणा देऊन ती मूळ, न बदललेल्या प्लेटवर ठेवायची. हे सगळं करायला लेन्स कोणती होती ते माहीत हवं.

मॅचमूव्ह करणाऱ्या ताईंकडे गेलो. त्यांनी सॉफ्टवेअर उघडून दाखवलं, सरासरी चूक 0.6 पिक्सेल. आकडा चांगला होता आणि त्यानेच आम्हा दोघांना फसवलं. ट्रॅकचे बिंदू कुठे आहेत ते पाहिलं, तर जवळजवळ सगळे जिन्यावर, फ्रेमच्या मधोमध. डावीकडे धूर होता, तिथे पकडायला काही नव्हतं. जिथे लेन्स सगळ्यात जास्त वाकते तिथलं सॉफ्टवेअरला काहीच माहीत नव्हतं, आणि तुळई नेमकी तिथेच पडत होती.

"लेन्स कोणती धरली होती?"

"24 मिमीची. आधीच्या शॉटला तीच होती. याचा रकाना कोरा आहे."

इथून खरा त्रास सुरू झाला. आम्ही शूटिंगवाल्यांकडे लेन्सची माहिती मागितली. उत्तर आलं, फॉर्म भरा. फॉर्म भरला. तीन दिवसांनी परत आला, शॉटच्या क्रमांकापुढे आवृत्ती लिहिली नाही म्हणून. ती लिहिली. मग कळलं की फॉर्म आमच्या कोऑर्डिनेटरकडून जायला हवा, थेट नाही. तसा पाठवला. सहा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: "उपलब्ध माहिती दिलेली आहे." मी फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "आहे त्यात होत नाही का?" त्या दिवशी मी जेवलो नाही.

मूळ कॅमेरा फाइल तरी द्या म्हटलं. अनेक डिजिटल कॅमेरे लेन्सची नोंद फाइलमध्येच करतात आणि एडिटसाठी फाइल बदलताना ती नोंद गळून पडते. आणखी चार दिवसांनी फाइल आली. नोंद रिकामी. लेन्स जुनी, पूर्ण हाताने चालणारी, कॅमेऱ्याशी तिचं विजेचं नातंच नव्हतं. दरम्यान रीटेकची तारीख रोज लाल होत होती आणि रिव्ह्यूत माझंच नाव वाचलं जात होतं.

वाट निघाली ती ताईंच्या डोक्यातून. त्या म्हणाल्या, "अरे, लेन्स भाड्याने आणली असेल ना? मग पावती असेल."

पावती होती. तिच्यावर लेन्सचा प्रकार होता आणि सिरियल नंबरसुद्धा. 18 मिमी. आम्ही धरली होती 24. कॅमेऱ्याचा सेन्सर 23.76 मिमी रुंद वापरला होता. त्यावर 18 ची लेन्स सुमारे 67 अंश रुंद पाहते आणि 24 ची सुमारे 53. इतकी मोठी चूक असूनही सॉफ्टवेअरने आकडा जमवला होता. भिंत खोटीच मागेपुढे ढकलून त्याने मधले बिंदू बसवून घेतले होते.

भाड्याच्या दुकानातल्या काकांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "लेन्स उद्या दुपारपर्यंत इथेच आहे. येऊन तासभर घ्या, पैसे नकोत." त्यांचे उपकार विसरणार नाही.

चौकोनांची जाळी छापलेला बोर्ड घेऊन आम्ही दोघं गेलो. 18 च्या लेन्सने 120 सेंमी रुंद बोर्ड पूर्ण फ्रेमभर यायला कॅमेरा साधारण 90 सेंमीवर ठेवावा लागतो. पण फोकसची रिंग बोर्डावर फिरवायची नाही. ती शॉटमध्ये होती तिथेच हवी, कारण फोकस बदलला की लेन्सचा वाकडेपणाही थोडा बदलतो. आमच्या शॉटमध्ये तो सुमारे 3 मीटरवर होता. म्हणून रिंग 3 मीटरवर ठेवून छिद्र f/11 इतकं लहान केलं, तेव्हा जवळचा बोर्डही स्पष्ट आला. चारही कोपरे जाळीने भरलेत ना, ते दोनदा पाहिलं. आमचं दुखणं कोपऱ्यातच होतं.

त्या जाळीवरून लेन्सचा वाकडेपणा काढला, ताईंनी नव्याने ट्रॅक केला, आणि तुळई भिंतीला चिकटली. मी पोपड्याजवळची खूण पुन्हा मोजली. फ्रेम 84 ला फरक अर्ध्या पिक्सेलच्या आत. मला भरून आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

एक अडचण तेव्हाही आली. प्लेट सरळ करताना कोपरे बाहेर ताणले जातात, म्हणून संगणकातलं चित्र फ्रेमपेक्षा मोठं बनवावं लागतं. आमचं बरोबर 2048 रुंद बनलं होतं. परत वाकवल्यावर डाव्या कडेला छताचा एक पट्टा रिकामा राहिला. 2256 रुंदीने पुन्हा रेंडर लावला, आणखी दोन रात्री गेल्या. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

34 व्या दिवशी शॉट मंजूर झाला. सुपरवायझर सर म्हणाले, "यातली तुळई खरी नाही हे मला आता आठवावं लागतं."

आगीच्या उजेडावरून खरं-खोटं ओळखता येतं, असं बरेच जण म्हणतात. त्यावर विसंबू नका. आमच्या शॉटमध्ये माणसाच्या पाठीवर तुळईचा तांबडा उजेड लखलखतो, कारण तुळई पडायच्या क्षणी सेटवर एक दिवा मुद्दाम फडफडवला होता. उजेड खरा, वस्तू नाही. कट कुठे येतो ते पाहणं जास्त उपयोगी. 1993 च्या 'ज्युरासिक पार्क'मध्ये पावसात गाडीच्या काचेशी येणारं टी-रेक्सचं डोकं स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बनवलेलं खरं, पूर्ण आकाराचं यंत्र आहे. पाणी शोषून त्याची फोमची कातडी जड व्हायची आणि ते थरथरायचं. तेच जनावर पूर्ण अंगाने पावलं टाकत चालताना दिसतं तिथे ते संगणकातलं आहे. जवळून धक्का देताना खरं, दूरवरून चालताना डिजिटल, आणि मधला कट इतका अचूक की जोड सापडत नाही.

सेटवर जाणाऱ्यांसाठी एक राहिलं. प्रत्येक वेळी लेन्स बदलली की तिच्या बाजूवरच्या आकड्यांचा आणि फोकसच्या रिंगचा मोबाइलवर एकेक फोटो काढा, आणि त्याच फोटोत क्लॅपवरचा शॉट क्रमांकही येऊ द्या. नुसत्या लेन्सचे फोटो महिन्याभराने कोणत्या शॉटचे ते कुणालाच सांगता येत नाही.