पायपात अडकलेलं पाणी

4 मार्चला आमच्या गेटवर हिरवा बॅनर लागतो. 1966 साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून 4 ते 10 मार्च हा सुरक्षा सप्ताह. सकाळच्या पाळीला टाइम ऑफिससमोर सगळे उभे राहतात, शपथ होते, खिशाला बिल्ले लागतात आणि मग कुणीतरी भाषण करतं. यंदा ती पाळी माझ्यावर आली. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत मेल्टिंग माझ्याकडे आहे, तेव्हा विषयही तोच मिळाला : वितळलेल्या धातूचे धोके आणि संरक्षक कपडे. वेळ दहा मिनिटं.

ऑफिसातून एक छापील कागद आला होता. त्यावर ओळीने सूचना होत्या, सगळ्या बरोबर आणि सगळ्या भिंतीवर आधीच लागलेल्या. तो घडी करून खिशात टाकला. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. यार्डात ताडपत्री उडून भंगार भिजलेलं मी येताना पाहिलं होतं, आणि डोक्यात तेच घोळत होतं. म्हटलं, आज एकच घटना सांगायची, पण पुरती सांगायची.

घटना मी आधी ज्या कारखान्यात होतो तिथली. अर्ध्या टनाची इंडक्शन भट्टी, निम्मी भरलेली, वितळलेल्या लोखंडाचा रस साधारण 1400 अंशांवर. भट्टीत भंगार टाकायचं काम, म्हणजे चार्जिंग, हातानेच चालू होतं. भंगारात जुन्या गेटचे, ग्रिलचे चौकोनी पाइप होते. त्यातला एक हातभर लांबीचा, दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेला. कुठल्या तरी फटीतून त्यात पावसाचं पाणी शिरलेलं. बाहेरून पाइप कोरडा दिसत होता, कारण सकाळपासून ऊन होतं. हेल्परने तो उचलून सरळ रसात सोडला. पाइप उभा बुडाला, दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही, आणि मग भट्टीने रस वर फेकला. शेडच्या पत्र्याला लोखंडाचे थेंब चिकटले. ते पुढे कित्येक महिने तसेच होते.

किती पाणी असेल त्यात? कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं धरा, 80 मिली. पाण्याची वाफ झाली की ती साधारण 1600 पट जागा मागते. म्हणजे त्या ग्लासभर पाण्याला सव्वाशे लिटरहून जास्त जागा हवी, आणि तीही वाफ 100 अंशांवर असताना. रसात ती त्याहून कितीतरी तापते आणि आणखी फुगते. हे सगळं ठोकून बंद केलेल्या पायपात, रसाच्या खाली. पाइप फाटला, आणि वाफेने डोक्यावर जे काही होतं ते उडवून बाहेरची वाट धरली.

इथपर्यंत मी आलो आणि मागच्या रांगेतून आमच्या भट्टीवरच्या एका जुन्या माणसाने हात वर केला. भाषणात कुणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

"साहेब, घामाचे थेंब तर रोजच पडते रसावर. चुर्र करते न उडून जाते. मंग तेव्हा स्फोट काऊन नाही होत?"

हा प्रश्न कागदावरच्या सगळ्या सूचनांपेक्षा मोलाचा होता. 'धातूला पाणी लागू देऊ नका' असं आपण रोज ओरडतो, आणि हा माणूस रोज डोळ्यांनी बघतो की पाणी लागूनही काही होत नाही. मग तो आपलं कशाला ऐकेल? मी सांगितलं, तुम्ही बघता ते खरं आहे. थेंब वरून पडला की त्याच्याखाली लगेच वाफेचा पातळ थर तयार होतो. थेंब त्यावर नाचतो आणि संपतो. वाफेला वर मोकळं आकाश आहे, ती निघून जाते. पाणी रसाच्या खाली गेलं की ही वाट बंद होते. ओल्या तळावर, रस ओतायच्या भांड्यात म्हणजे लेडलमध्ये ओल असेल तर, बंद पायपात, अगदी काँक्रीटवर रस सांडला तर काँक्रीटच्या पोटातल्या ओलाव्यावरसुद्धा तेच होतं. पोअरिंगच्या जागेवर आपण कोरड्या वाळूचा थर ठेवतो तो यासाठीच. वाळूत वाफेला निसटायला जागा असते, आणि काँक्रीट मात्र कपच्या उडवत फुटतं. थेंबाला घाबरू नका असं मी म्हणत नाही. पण खरं भय, अडकलेल्या पाण्याचं.

"म्हणजे लेडलचंबी तसंच," तो म्हणाला. तसंच. लेडलला नवं अस्तर लावलं किंवा डागडुजी केली की वरून ते तासाभरात पांढरं पडतं, हाताला कोरडं लागतं. आतला ओलावा पत्र्याच्या बाजूला सरकलेला असतो. लेडलच्या पत्र्याला भोकं पाडलेली असतात ती त्याच्यासाठी. बर्नर लावून सावकाश तापवताना त्या भोकांतून वाफ येताना दिसते. ती पूर्ण थांबली पाहिजे आणि अस्तर आतून लालबुंद झालं पाहिजे, तेव्हाच लेडल भरायचं. घाई करून भरलंच आणि रस आत खदखदायला लागला, तर काय झालं म्हणून वाकून बघायला जाऊ नका. मागे सरा.

आता त्या घटनेतली दोन माणसं. भट्टीजवळ मेल्टर आणि हेल्पर जवळजवळ शेजारी उभे होते. रस दोघांवरही उडाला. मेल्टरच्या अंगावर ॲल्युमिनाइज्ड कोट, तोंडावर फेस शील्ड, पायाला चामड्याचे गेटर्स, आणि पँट बुटाच्या बाहेरून. थेंब त्याच्यावर पडले, घरंगळले, खाली वाळूत गेले. मानेवर एक डाग राहिला, बाकी काही नाही. हेल्परने चिखल होता म्हणून गमबूट घातला होता आणि टेरीकॉटची पँट बुटात खोचली होती. वाटाण्याएवढा एक थेंब बुटात गेला. एवढाच. तो बाहेर पडायला जागाच नव्हती. पँटचा काठ वितळून कातडीला चिकटला, बूट ओढून निघेना. घोट्याला चामडी बसवावी लागली आणि त्याची पाळी कित्येक महिने रिकामी राहिली.

बारीक थेंब अंगावरून घसरत गेला तर फोड येतो. अडकून बसला तर तो थंड होईपर्यंत मांस शिजवतो. म्हणून कपडा असा हवा की रस त्यावर थांबणार नाही. पँट बुटावरून, खाली दुमड नको. खिशांना झाकण हवं. बुटाला लेस नको, कारण लेसमध्ये रस बसतो आणि जळलेली लेस सुटत नाही. गेटर्स एका झटक्यात निघणारे हवेत. हातमोजे सैल हवेत, हात झटकला की गळून पडले पाहिजेत.

नुसतं सांगून टेरीकॉट जाणार नाही हे मला माहीत होतं. स्वस्त, टिकाऊ, इस्त्री लागत नाही, लोक कशाला सोडतील? म्हणून मेंटेनन्सच्या गॅस कटरवाल्याकडून एक नट लाल करून घेतला आणि चिमट्याने आधी जुन्या टेरीकॉट पँटच्या तुकड्यावर ठेवला. कापड आधी आकसलं, मग नटाभोवती काळा चिकट रस झाला, आणि नट उचलला तर तारा निघाल्या. मग तसाच लाल नट जाड सुती डेनिमवर. तिथे तपकिरी डाग पडला, कडेला ठिणगी धरली, पण नट झटकून खाली पडला आणि मागे चिकट काही उरलं नाही. सुती कापड पेट घेतं, हेही मी तिथेच दाखवलं, लपवण्यात अर्थ नाही. म्हणून भट्टीवर ज्वालारोधक प्रक्रिया केलेला सुती कपडा आणि त्यावर चामडं किंवा कोट. कोटाची मर्यादाही सांगितली : तो उडालेल्या थेंबांसाठी आणि झळीसाठी आहे, लेडल उलटलं तर तो वाचवणार नाही. आणि काजळी, ग्रीस बसून काळा झालेला कोट झळ परत फेकत नाही. आमचे निम्मे कोट त्या दिवशी काळेच होते. त्याची यादी मी तिथेच स्टोअरकडे दिली.

"मे महिन्यात घालून दाखवा साहेब," कुणीतरी बोललं, आणि हशा झाला. बरोबर बोलला. बाहेर पंचेचाळीस आणि भट्टीसमोर तो कोट, ही चेष्टा नाही. मी एवढंच म्हटलं की कोट आठ तास घालायचा नाही. चार्जिंग, रसावरची मळी म्हणजे स्लॅग काढणं, भट्टीतून रस काढणं म्हणजे टॅपिंग, आणि पोअरिंग, एवढ्यापुरता. मधल्या वेळात काढा, पंख्याखाली बसा, मीठ घातलेलं ताक घ्या, माणसं आलटून पालटून लावू. हे कबूल झालं. मोज्यांचं मात्र कुणाच्या लक्षात नव्हतं. बूट कंपनीचे, पण आत सीताबर्डीच्या फुटपाथवरचे नायलॉनचे मोजे. दहा जणांना बूट काढायला लावले, सुती फक्त दोघांचे निघाले.

एक गोष्ट घाईत सांगितली, ती इथे नीट लिहितो. भाजलंच, तर जखमेवर साधं नळाचं वाहतं पाणी, वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. चिकटलेला कपडा ओढायचा नाही, भोवतीचा कापायचा.

भाषण संपून टाळ्या वगैरे झाल्या, आणि तो प्रश्नवाला माणूस माझ्याबरोबर भट्टीकडे चालत आला. म्हणाला, "साहेब, मले एक दाखवाचं हाये." भट्टीजवळ पाण्याची बादली होती. स्लॅग काढायचा गज तापला की ही मंडळी तो बादलीत बुडवून गार करत आणि परत रसात घालत. गज म्हणजे काय, तर हलका पडावा म्हणून घेतलेला पाइप, पुढचं टोक ठोकून चपटं केलेलं. कटरवाल्याला बोलावून तो मधोमध कापला. आतून गंजाचं पाणी निघालं.

बादली त्याच दिवशी हलवली. यार्डातले बंद पाइप वेगळे काढून दोन्ही टोकं कापायला लावली. भिजलेलं भंगार शेडमध्ये आणलं. आता ते थंड ढिगाच्या वर ठेवून तापू देतो आणि मगच रसापर्यंत जाऊ देतो. बंद तोंडाची कुठलीच वस्तू भट्टीत नाही, ढिगावरही नाही. गज आता भरीव सळईचे केलेत आणि वापरण्याआधी भट्टीच्या काठावर तापवतात. जड आहेत, अशी मंडळींची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. एका माणसाला पेलवत नाही म्हणून मागे टेकायला स्टँड करायचं चाललंय.