डोकं ऑफला पडतंय, पण दोष खालच्या हातात: फोटो-तपासणीची पुढची नोंद

मागच्या नोंदीतला तो उजव्या हाताने खेळणारा बारा वर्षांचा मुलगा आठवत असेल. समोरून, म्हणजे बोलरच्या बाजूने काढलेल्या फोटोत त्याचं डोकं ऑफ साइडला कललेलं, डोळे तिरके. "डोकं सरळ ठेव" म्हटलं की तेवढ्यापुरतं सरळ व्हायचं आणि पुढच्या चेंडूला पुन्हा जिथल्या तिथे. या वेळी त्याचं मूळ सापडलं, आणि ते मानेत नाही, खालच्या हातात आहे.

आधी फोटोबद्दल, कारण फोटोच वाकडा असेल तर सरळ पोरगाही कललेला दिसतो. कॅमेरा मिडल स्टंपच्या रेषेत, बॅट्समनच्या छातीच्या उंचीवर आणि निदान सहा-सात मीटर लांब हवा. जवळून वाइड लेन्सने काढला तर डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. लांब उभं राहून २x झूम वापरा. स्टंप्स मैदानात बहुतेक वेळा तिरकेच रोवलेले असतात, म्हणून त्यांना उभ्या रेषेचा आधार मानू नका. बॅट्समनच्या बाजूला एका काठीवरून ओळंबा सोडा. दोरी आणि खाली किल्ली एवढं पुरतं. आणि सेल्फी कॅमेरा अजिबात नको, काही फोनमध्ये चित्र उलटं सेव्ह होतं आणि उजवा खेळाडू डावखुरा होऊन बसतो.

आता मोजणी. दोन डोळ्यांच्या मधून ओळंब्याला समांतर अशी रेषा खाली सोडली. ती बुटांच्या टोकांच्या आसपास पडायला हवी. इथे ती टोकांच्या पुढे, ऑफ साइडला, जवळजवळ एका बॅटच्या रुंदीइतकी बाहेर गेली. मापासाठी बॅटचं पातं सोयीचं, कारण ते शरीराच्याच अंतरावर असतं; स्टंप्स क्रीजच्या मागे असल्यामुळे फोटोत लहान दिसतात. नियमाप्रमाणे पात्याची कमाल रुंदी १०.८ सेंमी असली तरी मुलांची बॅट त्याहून अरुंद असते, म्हणून आपली बॅट आधी टेपने मोजून ठेवा.

ही रेषा बाहेर का जाते, हे समोरच्या फोटोत दिसत नाही. ग्लोव्ह्ज आणि पॅड सगळं झाकून टाकतात. म्हणून दुसरा फोटो मागून, विकेटकीपरच्या जागेवरून, ग्लोव्ह्ज काढून, फक्त हातांवर झूम करून घेतला. त्यात दोन गोष्टी उघड्या पडल्या. दोन हातांमध्ये तीन बोटांची फट होती आणि खालचा हात जवळपास बॅटच्या खांद्याला टेकला होता. शिवाय अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जो 'व्ही' होतो, तो खालच्या हाताचा बॅटच्या मागच्या कण्यापासून लांब सरकून बाहेरच्या कडेच्याही पलीकडे, म्हणजे पायांपासून दूर गेला होता. तळवा पूर्ण दांड्याच्या मागे.

इथे साखळी जुळते. हात इतका खाली न्यायचा तर कमरेतून वाकावं लागतं, आणि बॅट्समनचं तोंड ऑफ साइडला असल्यामुळे वाकणं म्हणजे ऑफला झुकणं. तळवा मागे गेल्याने उजवा खांदा पुढे येतो, छाती बोलरकडे उघडते. डोकं या सगळ्यावर बसलेलं असतं, ते एकटं सरळ कसं राहणार? लेग स्टंपवरचा सरळ चेंडू हुकून पॅडवर बसणं आणि स्ट्रेट ड्राइव्ह मिडविकेटकडे वळणं, या त्याच्या दोन्ही तक्रारी इथूनच येतात.

दुरुस्ती सोपी आहे, टिकवणं कठीण. बॅट पालथी, म्हणजे पुढची बाजू जमिनीकडे करून ठेवा. मुलाने वाकून कुऱ्हाड उचलावी तशी दोन्ही हातांनी, हात एकमेकांना चिकटवून, ती उचलायची. हात आपोआप जागेवर बसतात: दोन्ही व्ही एका रेषेत, कणा आणि बाहेरची कड यांच्या मधोमध. वरचा हात घट्ट, खालच्या हाताचा जोर मुख्यतः अंगठा आणि पहिल्या बोटांत.

यातली खरी कमाई म्हणजे टेप. रबर ग्रिपवर कण्याच्या रेषेत एक पिवळी पट्टी आणि बाहेरच्या कडेच्या रेषेत एक लाल पट्टी. व्ही या दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे की नाही, हे आता मागच्या फोटोत लगेच कळतं. इलेक्ट्रिकचा इन्सुलेशन टेप चालतो, पण घामाने सुटतो. कापडी टेप बरा. ग्लोव्ह्जवर व्हीच्या जागी मार्करने ठिपका दिला की ग्लोव्ह्ज घालूनही तपासता येतं. हात चिकटवल्यावर काढलेल्या समोरच्या फोटोत डोळ्यांची रेषा बुटांच्या टोकांवर आली, मानेबद्दल एक शब्दही न बोलता. ही रेषा खाली येताना बघणं हा या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात सुंदर क्षण.

"सचिन पण खाली धरायचा की!" हा आक्षेप येणारच. धरायचा, पण त्याचे दोन्ही हात एकत्र खाली असायचे आणि डोकं स्थिर. दोष उंचीचा नाही. फट आणि फिरलेला तळवा यांचा आहे. हात जवळ, व्ही रेषेत आणि डोकं स्थिर असेल, तर हात थोडे खाली असले म्हणून कुणाची ग्रिप मोडू नका.

आता अडलंय ते असं. उभं राहताना व्ही बरोबर, पण बॅकलिफ्ट घेताना खालचा हात पुन्हा मागे सरकतो. स्थिर फोटोत हे पकडताच येत नाही, कारण कॅमेऱ्यासमोर मूल नीट उभं राहतं. म्हणून यापुढे पोझचा फोटो फक्त पहिल्या तपासणीसाठी. खरी तपासणी सेकंदाला ६० फ्रेम्सच्या व्हिडिओतून, चेंडू बोलरच्या हातून सुटतो ती फ्रेम थांबवून.

बॅटचाही संशय आहे. फक्त वरच्या हाताने बॅट समोर खांद्याच्या उंचीवर आडवी धरायला सांगितली, तर ती लगेच थरथरते. जड बॅट उचलायला खालचा हात आपोआप खाली सरकतो आणि मागून ढकलतो. "एक साइज मोठी घ्या, दोन वर्षं जाईल" हा दुकानदारांचा सल्ला या वयात सरळ नुकसान करतो. दांडा जाड करायला ग्रिपवर ग्रिप चढवणंही थांबवावं. लहान तळव्याला जाड दांडा बोटांत धरता येत नाही, मग तो तळव्यात जातो आणि व्ही फिरतो.

पुढची नोंद पायांवर करायची ठरली होती: पायांतलं अंतर, टाचांवरचं वजन. पण वजन टाचेवर आहे की चवड्यावर, हे फोटो खात्रीने सांगत नाही. त्यापेक्षा टाचेखाली कागद ठेवा. स्टान्समध्ये तो अलगद ओढून काढता आला तर वजन चवड्यांवर आहे, फाटला तर टाचांवर. ही कागदाची तपासणी कुणी केली तर निकाल कळवा. आम्ही आधी एक साइज लहान बॅट उसनी आणून तीच टेपची पट्टी, तोच ओळंबा आणि तीच फ्रेम घेऊन व्ही बॅकलिफ्टमध्ये टिकतो का ते बघतो. पाय त्यानंतर.